पावतीचा नंबर कोणी द्यायचा? एका उदाहरणातून समजून घेऊ निर्णयनोंद

हापूसच्या पेट्यांच्या पावत्या करणारं एक ॲप आहे असं समजा. वापरात फोन पाच, पण डेटाबेसमध्ये फोनचे कोड मात्र चौदा: R1 पासून R14 पर्यंत. टीममध्ये नव्याने आलेली डेव्हलपर हे बघते. कोड वाचल्यावर तिला कळतं की ॲप नव्याने इन्स्टॉल झालं की फोनला जुना कोड परत मिळत नाही, नवा मिळतो. असं का केलंय ते कुठेच लिहिलेलं नाही. तिला ती सरळसरळ राहून गेलेली चूक वाटते. चार ओळी बदलून ती जुना कोड परत मिळण्याची सोय करते, टेस्ट पास होतात, बदल मंजूर होतो. पुढे ऐन एप्रिलात दोन वेगळ्या गिऱ्हाइकांच्या हातात एकाच नंबरच्या दोन पावत्या येतात.

यात तिची चूक शोधायला गेलं तर सापडत नाही. प्रोग्रॅम काय करतो हे कोडमधून दिसतं. तो तसाच का करतो, दुसरे कोणते मार्ग तपासून बाजूला ठेवले आणि या मार्गाची कोणती किंमत जाणूनबुजून पत्करली, हे कोडमध्ये दिसत नाही. ते ज्यांच्या डोक्यात होतं त्यातला एक पुण्याला गेला आणि दुसऱ्याला आता नीटसं आठवत नाही.

ही माहिती जपून ठेवण्यासाठी जो छोटा दस्तऐवज लिहितात त्याला आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड म्हणतात, बोलताना एडीआर. आपण इथे त्याला निर्णयनोंद म्हणू. आज जी मांडणी सर्रास वापरली जाते ती मायकल नायगार्ड यांनी नोव्हेंबर 2011 मध्ये सुचवली. तिच्यात पाचच भाग आहेत: शीर्षक, पार्श्वभूमी, निर्णय, स्थिती आणि परिणाम. एका निर्णयाला एक नोंद, लांबी एक-दोन पानं. मूळ मांडणीत विचारात घेतलेल्या पर्यायांसाठी वेगळा भाग नव्हता. तो नंतरच्या साच्यांमध्ये आला, आणि आमच्या मते तो ठेवायलाच हवा. कारण वरच्या गोष्टीत नेमकं तेच हरवलं होतं.

साचा समजायला पाच मिनिटं लागतात. अवघड असतं ते प्रत्येक भागात नेमकं काय लिहायचं हे. म्हणून पावतीच्या नंबरचंच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

आधी प्रश्न नीट बघू

रत्नागिरीत पाच जणांची एक टीम आहे असं धरा. त्यांचं ॲप एका आंबा व्यापाऱ्यासाठी आहे. पावस, गणेशगुळे, नेवरे अशा वेगवेगळ्या भागांतल्या पॅकिंगच्या शेडमध्ये पेट्या भरल्या जातात आणि तिथेच फोनवर पावती करून छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर छापली जाते. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक पेट्यांबरोबर गाडीत.

बऱ्याच शेड खाडीकडच्या उतारावर आहेत. सड्यावर आलं की टॉवर मिळतो, खाली बागेत उतरलं की फोनवरच्या काड्या जातात. सकाळी सातला खाली गेलेला फोन संध्याकाळीच पुन्हा नेटवर्कमध्ये येतो. म्हणजे पावती छापायच्या क्षणी सर्व्हरला काही विचारता येईल असं धरून चालता येत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. हा व्यापारी आंब्याबरोबर पल्पही विकतो, म्हणून त्याची जीएसटी नोंदणी आहे. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे त्याला पेट्यांसाठी कर-बीजकाऐवजी बिल ऑफ सप्लाय द्यावं लागतं. पण नंबराचा नियम दोन्हींना सारखाच आहे: क्रमांक सलग हवा, जास्तीत जास्त 16 अक्षरांचा हवा, आणि त्या आर्थिक वर्षात तो एकदाच वापरलेला हवा. अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. एकापेक्षा जास्त मालिका ठेवायला परवानगी आहे. हे शेवटचं वाक्य पुढे फार उपयोगी पडणार आहे.

तिसरी गोष्ट कॅलेंडरची. हापूसचा हंगाम साधारण मार्च ते मे, आणि आर्थिक वर्ष बदलतं 1 एप्रिलला. म्हणजे नंबरांची मालिका नव्याने सुरू करायची वेळ भर हंगामात येते, आणि त्या दिवशी सगळे फोन नेटवर्कमध्ये असतीलच असं नाही.

या तीन गोष्टी म्हणजेच पार्श्वभूमी. नोंदीत त्या जशा आहेत तशा, निर्णयाकडे न झुकता लिहायच्या:

> पार्श्वभूमी: पावती शेडमध्ये, बहुधा नेटवर्क नसताना छापली जाते. फोन सलग 10–12 तास नेटवर्कबाहेर राहू शकतो. छापलेला नंबर नंतर बदलता येत नाही, कारण कागद गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो. नंबर 16 अक्षरांत बसणारा, आर्थिक वर्षात एकमेव आणि मालिकेत सलग हवा. गाडीवाला आणि दुकान फोनवर नंबर बोलून पेट्या जुळवतात, म्हणून तो तोंडाने सांगता यायला हवा. आज पाच फोन आहेत. दिवसाला एका फोनवर जास्तीत जास्त 300 पावत्या होतील असं धरलं आहे.

शेवटची दोन वाक्यं बरेच लोक गाळतात. आकडे बदलणारे आहेत, मग लिहायचे कशाला, असं त्यांना वाटतं. बदलणारे आहेत म्हणूनच ते लिहायचे. दोन वर्षांनी फोन पन्नास झाले असतील, तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की हा निर्णय पाच फोनांच्या जगात घेतला होता आणि आता तो पुन्हा तपासायला हवा. "पुरेशा प्रमाणात", "भविष्यातील गरजा लक्षात घेऊन" अशा शब्दांवरून असं काहीच तपासता येत नाही.

नंबर तोंडाने सांगण्याची अट अशीच सुटून जाणारी. ती कुठल्याही मागणीपत्रात नसते. शेडमध्ये तासभर उभं राहिलं तर ऐकू येते. दुकानातून फोन येतो, "काका, पेट्या आल्या, पावती नंबर सांगा." गाडीशेजारी उभा असलेला माणूस कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचतो, "दोन सहा दोन सात, आर तीन, बेचाळीस." मागे इंजिन चालू असतं. एक अख्खा पर्याय बाद होण्यामागे ही अटही असणार आहे.

पर्याय, आणि ते खरोखर का बाद झाले

टीमने चार मार्ग बघितले असं धरू.

पहिला: नंबर सर्व्हरने द्यायचा. शेडमध्ये तात्पुरता नंबर छापायचा, संध्याकाळी फोन नेटवर्कमध्ये आला की खरा नंबर मिळेल. मालिका एकच राहते, सलग राहते, हिशेबनीस खूश. पण कागदावर एक नंबर आणि खात्यात दुसरा, असं प्रत्येक पावतीचं होतं. दुकानात वाद झाला तर कागद आणि खातं जुळवायला प्रत्येक वेळी तक्ता काढावा लागणार. शिवाय गिऱ्हाइकाच्या हातात जो कागद आहे त्यावर कायद्याला हवा असलेला क्रमांकच नाही.

दुसरा: रोज सकाळी प्रत्येक फोनला नंबरांचा गठ्ठा द्यायचा. R1 ला 1 ते 300, R2 ला 301 ते 600. नेटवर्क नसतानाही खरा नंबर छापता येतो. पण R1 ने 180 वापरले तर 120 नंबर रिकामे राहतात, आणि ही रोजची गत. जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्राच्या 13व्या तक्त्यात प्रत्येक मालिकेतली कागदपत्रं कुठून कुठपर्यंत, एकूण किती आणि रद्द किती हे भरावं लागतं. रोजच्या या खिंडारांचा हिशेब तिथे द्यायचा म्हणजे हिशेबनिसाच्या गळ्यात धोंडा. आणि एखाद्या दिवशी 300 च्या वर पावत्या झाल्या तर फोन अडून बसणार, तोही नेमका गर्दीच्या दिवशी.

तिसरा: यूयूआयडी. म्हणजे फोननेच तयार केलेला असा लांबलचक यादृच्छिक क्रमांक की दुसऱ्या फोनवर तोच निघण्याची शक्यता व्यवहारात नसते. नेटवर्क लागत नाही, सर्व्हर लागत नाही. पण लिहून काढला की तो 36 अक्षरांचा होतो, मर्यादा 16 ची. तो सलग नाही, आणि गाडीशेजारी उभं राहून तो कोणी वाचून दाखवणार नाही. पावतीचा नंबर म्हणून तो बाद. मात्र आतल्या कामासाठी तो अतिशय चांगला आहे आणि तिथे तो ठेवला.

चौथा: प्रत्येक फोनची स्वतंत्र मालिका. `2627/R3/00042` म्हणजे 2026-27 या वर्षातली, R3 या फोनची 42वी पावती. मोजली तर 13 अक्षरं. एकापेक्षा जास्त मालिकांना परवानगी आहेच. फोनला कोणाला विचारावं लागत नाही आणि प्रत्येक मालिका आपल्यापुरती सलग राहते.

पर्याय लिहिताना एक पथ्य पाळायचं: बाद केलेल्या पर्यायाची चांगली बाजू आधी लिहायची, आणि त्याची बाजू घेणारा माणूस वाचून "हो, माझं म्हणणं हेच होतं" म्हणेल अशी लिहायची. निर्णय आधीच ठरवून मग शोभेपुरते दोन कमकुवत पर्याय उभे केले तर ते पटकन ओळखू येतं, कारण त्यांच्या नावावर एकही गुण लिहिलेला नसतो. अशी नोंद पुढे कामाला येत नाही. तिसऱ्या वर्षी कोणीतरी तोच पर्याय नव्या उत्साहाने मांडतो, आणि तो कशामुळे अडला हे कोणालाच सांगता येत नाही.

निर्णय

निर्णयाचा भाग सगळ्यात छोटा असतो. पूर्ण वाक्यात, ठाम क्रियापदाने लिहायचा. "वापरता येईल", "विचार करावा" असले शब्द इथे नकोत.

> निर्णय: प्रत्येक फोनची स्वतंत्र मालिका ठेवू. नंबर `वर्ष/फोन-कोड/क्रम` असा राहील. आर्थिक वर्ष भारतीय वेळेनुसार ठरेल. रद्द पावतीचा नंबर पुन्हा वापरणार नाही. ॲप पुन्हा इन्स्टॉल झालं किंवा फोन बदलला तर नवा कोड देऊ. जुना कोड पुन्हा कधीही देणार नाही. आतली ओळख म्हणून प्रत्येक पावतीला यूयूआयडी असेल.

यातली दोन वाक्यं उलगडून बघण्यासारखी आहेत.

पहिलं, भारतीय वेळेचं. सर्व्हरवर वेळ बहुधा यूटीसीत साठवतात आणि ते योग्यही आहे. पण यूटीसी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. रत्नागिरीत 1 एप्रिलची मध्यरात्र झाली तेव्हा यूटीसीत 31 मार्चचे संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. आर्थिक वर्ष जर यूटीसीवरून काढलं, तर 1 एप्रिलच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या सगळ्या पावत्या जुन्या वर्षाच्या मालिकेत जातात. इतर बऱ्याच धंद्यांत त्या वेळेत पावत्या होत नाहीत म्हणून ही चूक खपून जाते. आंब्याच्या गाड्या मात्र रात्रीच भरून निघतात. टेस्ट दुपारच्या वेळेवर लिहिली असेल तर ही चूक तिथे पकडली जाणार नाही. 1 एप्रिल, पहाटे 2 वाजता, भारतीय वेळ, अशी वेगळी टेस्ट लागते.

दुसरं, जुना कोड पुन्हा न देण्याचं. लेखाच्या सुरुवातीला जो नियम 'दुरुस्त' झाला तो हाच. तो का केला होता ते बघा. R3 फोनने दिवसभरात 45 पावत्या छापल्या. दुपारी सड्यावर चहाला वर आला तेव्हा 42 सर्व्हरवर गेल्या. त्यानंतरच्या तीन फक्त फोनमध्ये आणि कागदावर आहेत. संध्याकाळी फोन पाण्यात पडला. नवा फोन घेतला, ॲप टाकलं, सर्व्हरला विचारलं: R3 ची शेवटची पावती कोणती? सर्व्हर सांगतो, 42. नवा फोन 43 पासून सुरुवात करतो. पण 43, 44 आणि 45 नंबरचे कागद तर आधीच तीन गिऱ्हाइकांच्या खिशात आहेत.

डेटाबेसमध्ये एकमेवपणाची अट घातलेली असली तरी ती इथे वाचवत नाही:

```sql
CREATE TABLE pavti (
  id         TEXT PRIMARY KEY,
  varsh      TEXT NOT NULL,
  phone_code TEXT NOT NULL,
  kram       INTEGER NOT NULL,
  UNIQUE (varsh, phone_code, kram)
);
```

सर्व्हरने जुनी 43 कधी पाहिलीच नाही, त्यामुळे नवी 43 त्याच्या दृष्टीने पहिलीच आहे. अट मोडत नाही, एररही येत नाही. गोंधळ फक्त कागदावर आहे, आणि तो कळतो गिऱ्हाईक पावती घेऊन आल्यावर. असा धोका कोडमध्ये लिहून ठेवायला जागाच नसते. तो नोंदीत लिहावा लागतो.

परिणाम: इथे हात आखडता घेऊ नका

नोंद प्रामाणिक आहे की नाही हे परिणामांच्या भागावरून कळतं. फक्त फायदे लिहिलेले असतील तर ती जाहिरात झाली. या निर्णयाचे परिणाम टीमने असे लिहिले असते:

> परिणाम: नेटवर्क नसताना खरा, कायम नंबर छापता येतो. एका फोनला वर्षाला 99,999 पावत्यांची जागा आहे. रोज 300 धरल्या तरी 100 दिवसांत 30,000 होतात. नेटवर्क अर्धवट तुटून तीच पावती दोनदा पाठवली गेली तर यूयूआयडीमुळे सर्व्हर दुसरी प्रत दुर्लक्षित करेल.
>
> नंबरावरून दिवसभराच्या पावत्यांचा एकूण क्रम कळणार नाही, वेळ बघावी लागेल. जीएसटीआर-1 मध्ये प्रत्येक फोन-कोडची वेगळी ओळ भरावी लागेल. कोड वाढले की हे काम वाढेल. फोन हरवला तर न पोचलेल्या पावत्या कागदी प्रतींवरून हाताने भराव्या लागतील. फोनचं घड्याळ मागे असेल तर 1 एप्रिलनंतरही जुन्या वर्षाची मालिका चालू राहू शकते. म्हणून फोनची वेळ शेवटच्या सर्व्हर-भेटीच्या वेळेपेक्षा मागे दिसली तर ॲप पावती करणार नाही. घड्याळ पुढे असेल तर ते या तपासणीत पकडलं जाणार नाही. हा धोका आम्ही स्वीकारत आहोत.
>
> एकूण कोड 10 च्या वर गेले तर हा निर्णय पुन्हा बघू.

"हा धोका आम्ही स्वीकारत आहोत" असं स्पष्ट लिहिलं की पुढच्या माणसाला कळतं, ही गोष्ट सुटून गेलेली नाही, बघून सोडलेली आहे. दोन्हींचे उपाय वेगळे असतात. सुटलेली गोष्ट भरून काढायची असते. स्वीकारलेल्या धोक्याच्या बाबतीत आधी विचारायचं असतं की परिस्थिती बदलली का.

आणि शेवटची ओळ बघा. पुन्हा कधी विचार करायचा याचा आकडा आधीच ठरवून ठेवला आहे. हा आकडा मोजता येणाऱ्या गोष्टीचा हवा. "गरज भासल्यास पुनर्विचार" असं लिहिलं तर ती गरज कोणालाच भासत नाही.

नोंद कुठे ठेवायची, मंजूर कशी करायची

नोंद कोडच्याच रिपॉझिटरीत, साध्या मार्कडाउन फाइलमध्ये ठेवायची. उदाहरणार्थ `doc/adr/0007-pavti-kramank.md`. व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा कोणाच्या तरी ड्राइव्हमध्ये ठेवलेली नोंद सहा महिन्यांनी सापडत नाही, आणि कोडच्या कोणत्या आवृत्तीला ती लागू होती हेही कळत नाही. फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवलं तर सगळ्या टूल्सना सोपं जातं. आतला मजकूर मात्र टीम ज्या भाषेत बोलते त्या भाषेत लिहावा. मराठीत वाद घालून इंग्रजीत लिहिलेल्या नोंदीतून कारणांचे बारकावे हमखास गळतात.

नोंद पुल रिक्वेस्ट म्हणून टाकायची, स्थिती "प्रस्तावित". बाकीच्यांना दोन-तीन दिवस द्यायचे, मग अर्धा तास एकत्र बसून आक्षेप ऐकायचे. मर्ज करताना स्थिती "स्वीकृत" करायची, तारीख घालायची. हे सगळं कोड लिहिण्याआधी किंवा लिहिता लिहिता. काम संपल्यावर लिहायला बसलं की जे बांधलं त्याचं समर्थन करणारी पार्श्वभूमीच आठवते, बाद केलेले पर्याय पुसट झालेले असतात.

एक बारकी अडचण इथेही येते. दोन जणांनी आपापल्या ब्रँचवर एकाच वेळी नवी नोंद काढली तर दोघांच्याही फाइलला 0008 मिळतो. नेटवर्कबाहेरच्या दोन फोनांसारखीच ही गत आहे. इथे मात्र उपाय सोपा: नंबर मर्ज करताना पक्का करायचा, तोपर्यंत फाइल बदलायला मोकळीक.

कोणत्या निर्णयाची नोंद करायची? पावतीचा नंबर नोंदीला पात्र ठरतो कारण तो छापून गेला की परत घेता येत नाही. डेटा कुठे राहतो, दोन भाग एकमेकांशी कसे बोलतात, कोणत्या बाहेरच्या सेवेवर विसंबायचं, हे त्याच जातीचे. बटणाचा रंग उद्या बदलता येतो, त्याची नोंद नको. पाच जणांच्या टीमने आठवड्याला पाच नोंदी काढायला सुरुवात केली तर महिन्याभरात त्या कोणी वाचत नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी टीम करतात: कोडमधून नोंदीकडे बोट दाखवणं. ज्या फंक्शनमध्ये नवा कोड दिला जातो तिथे एक ओळ पुरते:

```python
# जुना कोड परत देऊ नका. कारण: doc/adr/0007-pavti-kramank.md
```

नव्या डेव्हलपरने `doc/adr` फोल्डर उघडून बघितलं नाही तरी ती हे फंक्शन नक्की उघडणार, आणि तिथे तिला ही ओळ भेटणार.

नोंद पुरेशी झाली का हे तपासायची एक चांगली पद्धत आहे. विषयाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला फक्त पार्श्वभूमी आणि पर्याय वाचायला द्यायचे, निर्णय झाकून ठेवायचा. त्याने काय निवडलं असतं ते विचारायचं. तो तुमच्याच निर्णयाशी आला तर ठीक. दुसरीकडे गेला तर बहुतेक वेळा एखादी अट लिहायची राहिलेली असते, जी सगळ्यांना माहीत आहे असं तुम्ही धरून चालला होता. नंबर तोंडाने सांगायची अट अशाच झाकलेल्या वाचनातून वर येते.

निर्णय बदलतो तेव्हा

स्वीकारलेली नोंद नंतर दुरुस्त करत बसायचं नसतं. शुद्धलेखन सुधारा, पण कारणं आणि निर्णय तसेच राहू द्या. निर्णय बदलला तर नवी नोंद लिहायची आणि जुनीच्या स्थितीत एवढंच घालायचं की तिची, किंवा तिच्या एखाद्या भागाची, जागा अमुक नोंदीने घेतली. जुनी पुसून नवी लिहिली तर त्या दरम्यान छापल्या गेलेल्या पावत्या कोणत्या नियमाने छापल्या हे सांगणारं काही उरत नाही. नॅट प्राइस यांचं `adr-tools` वापरत असाल तर ही जोडणी एका कमांडने होते:

```
adr new -l "7:Amends:Amended by" "Logout nantar phone-code kayam"
```

यात `-l` नंतरचा मजकूर सांगतो की ही नोंद सातव्या नोंदीचा काही भाग बदलते. नवी नोंद सातवीची पूर्ण जागा घेणार असेल तर त्याऐवजी `-s 7` लिहायचं. दोन्ही फाइलींत एकमेकींचा उल्लेख आपोआप येतो.

आता पुन्हा त्या पाच फोन आणि चौदा कोडांकडे येऊ, पण या वेळी नोंद क्रमांक 7 रिपॉझिटरीत आहे असं धरून. नवी डेव्हलपर फंक्शन उघडते, ती ओळ बघते, नोंद वाचते. जुना कोड परत देणं तिला धोक्याचं वाटायला लागतं, कारण न पोचलेल्या पावत्यांचं कारण तिथे लिहिलेलं आहे. पण तिला हेही दिसतं की दहाच्या वर कोड गेले तर पुन्हा बघायचं ठरलं होतं, आणि हिशेबनिसाला खरोखरच पाच फोनांसाठी चौदा ओळी भराव्या लागताहेत.

मग ती लॉग काढते. जास्तीच्या नऊ कोडांपैकी दोनच फोन हरवल्यामुळे किंवा बिघडल्यामुळे आलेले निघतात. उरलेले सात लॉगआउटमुळे. हंगामी माणसं बदलतात, एक लॉगआउट करतो, दुसरा लॉगइन करतो, आणि ॲप दर वेळी फोनमधला सगळा डेटा पुसतं. म्हणजे ज्या धोक्यासाठी नियम केला होता तो या सातपैकी बहुतेक वेळा नव्हताच: लॉगआउट करताना फोन चालू होता, हातात होता, आणि पावत्या पोचल्या की नाही हे विचारता येत होतं.

कारण लिहिलेलं असल्यामुळे नियम कुठे लागतो आणि कुठे नाही हे तिला नेमकं कापता आलं. बारावी नोंद अशी निघते:

> पार्श्वभूमी: नोंद 7 मुळे लॉगआउटनंतरही नवा कोड जातो. पाच फोनांना 14 कोड झाले. त्यातले 7 लॉगआउटमुळे. नोंद 7 मधला धोका फक्त न पोचलेल्या पावत्या असू शकतात तेव्हाच असतो.
>
> पर्याय: (1) आहे तसं ठेवणं. (2) नेहमी जुना कोड परत देणं; नोंद 7 मधल्या कारणाने बाद. (3) जुना कोड देणं पण क्रम 500 ने पुढे नेणं. दुहेरी नंबर टळतात, पण मालिकेत खिंडार पडतं. (4) पावत्या पोचल्याची खात्री झाली तरच कोड कायम ठेवणं.
>
> निर्णय: लॉगआउट करताना फोनवर न पोचलेल्या पावत्या शून्य असतील आणि सर्व्हरने शेवटचा क्रम मान्य केला असेल, तर कोड मोकळा होईल आणि पुढचा वापरकर्ता त्याच्या पुढच्या क्रमापासून सुरू करेल. बाकी सर्व वेळी, म्हणजे फोन हरवला, बिघडला, ॲप उडवलं, नवा कोड. नोंद 7 मधले नंबराचा आराखडा, भारतीय वेळ, रद्द पावत्या आणि यूयूआयडीचे नियम तसेच लागू.
>
> परिणाम: नेटवर्क नसताना पूर्ण लॉगआउट करता येणार नाही, माणूस बदलायचा असेल तर फोन सड्यावर न्यावा लागेल. शेडमधल्या लोकांना हे हंगामाआधी सांगावं लागेल. कोडांची संख्या फोन हरवण्याच्या प्रमाणातच वाढेल.

सातव्या नोंदीच्या माथ्यावर आता स्थिती अशी दिसते: "12 जानेवारी 2026 रोजी स्वीकृत. कोड परत देण्याचा भाग नोंद 12 ने बदलला." आणि फंक्शनमधल्या त्या ओळीत 0007 च्या शेजारी 0012 ची भर पडते.